एकशे एकवीस महिन्यांचं दशक
(प्रस्तावना)

भारताच्या जनगणनेचा एक तक्ता बहुतेक शालेय पुस्तकांत असतो. डाव्या रकान्यात वर्ष, मधल्या रकान्यात लोकसंख्या आणि उजव्या रकान्यात ‘दशवार्षिक वाढ, टक्के’. उजवा रकाना वरून खाली वाचत गेलं, तर १९६१ समोर २१.६४, १९७१ समोर २४.८०, १९८१ समोर २४.६६, १९९१ समोर २३.८७ असे आकडे येतात. परीक्षेतला प्रश्नही ठरलेला असतो: लोकसंख्यावाढीचा वेग सर्वांत जास्त कोणत्या दशकात होता? मुलं १९६१ ते १९७१ असं उत्तर लिहितात आणि त्यांना पूर्ण गुण मिळतात. मी संख्याशास्त्र शिकवत होतो तोवर मीही ते देत आलो.

ते उत्तर बरोबर नाही, निदान ठामपणे देण्यासारखं तरी नाही. हे कळायला मला फार वर्षं लागली. कळलं तेही पुस्तकातून नाही. एका विद्यार्थ्याने वार्षिक दराचा रकाना असलेला दुसरा एक तक्ता पुढ्यात ठेवला आणि विचारलं, “सर, दशकाची वाढ १९७१ ला जास्त आहे, पण वर्षाचा दर १९८१ ला जास्त आहे. असं कसं होईल?” मी छपाईची चूक असेल म्हणालो. छपाईची चूक नव्हती. या पुस्तिकेचं बीज त्या प्रश्नात आहे, म्हणून त्याचं उत्तर मी प्रस्तावनेतच देणार आहे. त्याआधी साधं गणित उरकून घेऊ.

अनेक वर्षांची मिळून एकूण टक्केवाढ माहीत आहे आणि दर वर्षाची सरासरी वाढ काढायची आहे, एवढाच आपला विषय. २००१ च्या मार्चमध्ये भारताची लोकसंख्या १०२.८७ कोटी होती. २०११ च्या तात्पुरत्या आकड्यांत ती १२१.०२ कोटी भरली. वाढ १७.६४ टक्के, वर्षं दहा. वर्तमानपत्राच्या कचेरीतून एकदा मला रात्री फोन आला होता: “दहाने भागलं की झालं ना?” म्हणजे १.७६ टक्के. हे उत्तर सुचणं स्वाभाविक आहे, आणि ते चुकलेलं आहे हे ताडून पाहणंही सोपं आहे. वर्षाला १.७६४ टक्क्यांनी दहा वर्षं वाढवत गेलं, तर एकूण वाढ १७.६४ होत नाही, १९.१ होते. १०२.८७ कोटींचे १२२.५ कोटी होतात. ही दीड कोटी माणसं कुठून आली? २०११ च्या गणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. दहाने भागणाऱ्याने कागदावर दहा गोवे जास्तीचे वसवले.

ती माणसं आली चक्रवाढीतून. पहिल्या वर्षी वाढलेली माणसं दुसऱ्या वर्षीच्या मुद्दलात जमा होतात आणि पुढची वाढ त्यांच्यावरही बसते. दहाने भागणं म्हणजे सगळी वाढ २००१ च्या मुद्दलावर सरळव्याजाने मोजणं. लोकसंख्या सरळव्याजाने वाढत नाही, कारण दहा वर्षांत घरात आलेल्या सुनांनाही मुलं होतात. त्यामुळे आपल्याला हवा असलेला वार्षिक दर भागाकारातून येणाऱ्या दरापेक्षा थोडा कमी असतो. किती कमी ते काढायचं, तर टक्केवारी सोडून पट हातात घ्यावी लागते. १७.६४ टक्के वाढ म्हणजे १.१७६४ पट. दरवर्षी एकाच पटीने गुणत दहा पायऱ्यांत १.१७६४ ला पोचायचं आहे, म्हणून १.१७६४ चं दहावं मूळ हवं. ते १.०१६४ येतं. त्यातला एक काढला की ०.०१६४, म्हणजे वर्षाला १.६४ टक्के.

माझ्या पिढीने हे लॉगच्या तक्त्याने केलं. १.१७६४ चा लॉग ०.०७०६, त्याला दहाने भागून ०.००७०६ आणि मग त्याचा अँटिलॉग. चार अंकी तक्त्यात इथे पंचाईत होते. उत्तर १.०१६ की १.०१७ एवढंच कळतं, १.६४ आणि १.६२ यांतला फरक तक्त्याच्या हाताबाहेर असतो. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये एका चौकटीत हे लिहिलं की काम होतं:

```
=(1+17.64/100)^(1/10)-1
```

उत्तर ०.०१६३८ येतं. चौकटीला टक्क्याचं स्वरूप दिलं की १.६४ दिसतं. कंसांची जागा मात्र जपावी. `1/10` भोवतीचा कंस विसरला, तर स्प्रेडशीट आधी पहिला घात करतं, मग दहाने भागतं आणि एक वजा करून भलतंच ऋण उत्तर देतं. ते इतकं विचित्र असतं की चूक लगेच लक्षात येते. फसवी चूक वेगळी आहे: १.१७६४ ऐवजी नुसत्या १७.६४ चं दहावं मूळ काढायचं. ते १.३३ येतं, टक्क्यांसारखं दिसतं आणि खपूनही जातं. म्हणून उत्तर आलं की ते एकदा उलट फिरवून पाहावं. १.०१६४ ला स्वतःने दहा वेळा गुणलं तर १.१७६६ येतं, म्हणजे जवळपास आपल्या जागी परत आलो. १.०१३३ घेतलं तर १.१४ च्या आसपास अडकतं.

ज्याच्याकडे स्प्रेडशीट नाही, त्याला अंदाजानेही पोचता येतं. दहाने भागून आलेला १.७६ हा वरचा कठडा मानायचा आणि त्याच्या थोडं खाली पाहायचं. १.६० घेतला तर दहा वर्षांत १७.२० टक्के होतात, कमी पडले. १.६५ घेतला तर १७.७८, जरा जास्त झाले. १.६४ ला १७.६६ येतात, तिथे थांबायचं. तिसऱ्या प्रयत्नात उत्तर हाती येतं, आणि मूळ म्हणजे काय हेही मुलांना सूत्रापेक्षा या चाचपडण्यातून चांगलं उमगतं, असा माझा अनुभव आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो.

१९६१ ची जनगणना १ मार्चच्या सूर्योदयाला धरून झाली. म्हणजे त्या क्षणी देशात जी माणसं हयात होती, ती मोजायची. त्यानंतर जन्मलेलं मूल धरायचं नाही, त्यानंतर मेलेला माणूस वगळायचा नाही. १९५१ लाही तोच दिवस होता, १९८१ लाही तोच. १९७१ ला मात्र मार्चच्या पहिल्या दहा दिवसांत लोकसभेची मुदतपूर्व निवडणूक आली. मतदान केंद्रावर बसणारे शिक्षक आणि घरोघर जाऊन माणसं मोजणारे प्रगणक हे बऱ्याच अंशी एकच लोक असतात. त्यामुळे जनगणनेचा क्षण महिनाभर पुढे ढकलून १ एप्रिल १९७१ चा सूर्योदय धरला गेला.

एवढ्याने काय झालं पाहा. १९६१ ते १९७१ हे ‘दशक’ दहा वर्षं आणि एक महिन्याचं, म्हणजे १२१ महिन्यांचं झालं. १९७१ ते १९८१ हे नऊ वर्षं अकरा महिन्यांचं, ११९ महिन्यांचं झालं. पहिल्या दशकाला वाढायला एक महिना जास्त मिळाला आणि दुसऱ्याचा एक महिना गेला. दोघांत दोन महिन्यांचा फरक पडला. उजव्या रकान्यातल्या टक्केवारीला यातलं काहीच दिसत नाही. ती फक्त दोन टोकांच्या संख्या पाहते.

आता गणित पुन्हा करू. १९६१ ला ४३ कोटी ९२ लाख होते, १९७१ ला ५४ कोटी ८२ लाख, १९८१ ला ६८ कोटी ३३ लाख. पहिली पट १.२४८०, दुसरी १.२४६६. दोन्हींचं दहावं मूळ काढलं तर वर्षाचे दर अनुक्रमे २.२४ आणि २.२३ टक्के येतात, आणि पहिलं दशकच पुढे आहे असं वाटतं. खरे महिने घातले की चित्र उलटतं. बारा महिन्यांचा दर हवा आणि काळ १२१ महिन्यांचा, म्हणून घातांक एक दशांशऐवजी बारा भागिले एकशे एकवीस असा घ्यायचा:

```
=(548159652/439234771)^(12/121)-1
=(683329097/548159652)^(12/119)-1
```

पहिल्या ओळीचं उत्तर २.२२ टक्के, दुसरीचं २.२५. दशकाची वाढ जिची कमी, तिचा वार्षिक दर जास्त. छपाईत काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती, कारण ‘दशवार्षिक’ या शब्दात दहा आहे असं मी न तपासता धरून चाललो होतो.

गंमत म्हणजे दोन्ही दशकं एकत्र धरली तर हा सगळा गोंधळ विरून जातो. १९६१ चा मार्च ते १९८१ चा मार्च बरोबर वीस वर्षं आहेत. एकूण पट १.५५५७, वाढ ५५.५७ टक्के आणि वर्षाचा सरासरी दर २.२३. मधली तारीख कुठेही सरकली तरी या आकड्याला धक्का लागत नाही, कारण मूळ काढताना फक्त टोकं मोजली जातात. (इथे २४.८० आणि २४.६६ यांची बेरीज करून ४९.४६ लिहिणारे उत्तरपत्रिकांत नेहमी भेटतात. दुसऱ्या दशकाची वाढ पहिल्या दशकात वाढलेल्यांवरही बसते, ती सहा टक्के ते घरीच ठेवून येतात.)

मग परीक्षेतल्या प्रश्नाचं खरं उत्तर १९७१ ते १९८१ असं द्यायचं का? इथे मी जरा हात आखडता घेतो. १९८१ ला आसाममध्ये जनगणना होऊच शकली नाही. ६८ कोटी ३३ लाखांत आसामची जी माणसं आहेत ती मोजलेली नाहीत, अंदाजाने धरलेली आहेत. शिवाय कोणत्याही गणनेत काही माणसं सुटतात आणि प्रत्येक वेळी सारख्याच प्रमाणात सुटतात असं नाही. २.२२ आणि २.२५ यांतला फरक तीन शतांश टक्के आहे. एवढ्या फरकावर एका दशकाच्या गळ्यात माळ घालण्यात अर्थ नाही. दोन्ही दशकांत वेग जवळपास सारखाच होता आणि त्यानंतर तो उतरत गेला, एवढं म्हणता येतं. पण मग ‘१९७१ नंतर वेग घटू लागला’ असं जे वाक्य आपण मुलांकडून पाठ करून घेतो, त्याखालचा आधारही तेवढाच डळमळीत होतो.

एका बारकाव्याची नोंद इथेच करून ठेवतो, नाहीतर वाचक पुस्तिकेतले आकडे दुसऱ्या तक्त्याशी ताडून पाहतील आणि मला पत्र लिहितील. त्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात २.२२ आणि २.२५ नव्हते, २.२० आणि २.२२ होते. कारण रीत वेगळी. मी वर्षातून एकदा व्याज जमा होतं असं धरून मूळ काढलं. जनगणनेच्या तक्त्यांत बऱ्याचदा वाढ क्षणाक्षणाला जमा होते असं धरतात, त्याला घातांकी दर म्हणतात. त्यासाठी पटीचा नैसर्गिक लॉग घेऊन तो वर्षांनी भागतात. मुलं ३१ मार्चला एकदम जन्मत नाहीत हे लक्षात घेतलं, तर लोकसंख्येला हीच रीत जास्त शोभते. दोन्ही रीती बरोबर आहेत, घातांकी दर नेहमी थोडा कमी येतो एवढंच. २००१ ते २०११ साठी मुळाच्या रीतीने १.६४ येतं, लॉगच्या रीतीने १.६२. रकान्याच्या मथळ्यावर विसंबून राहू नये, आकडा कोणत्या रीतीने येतो हे स्वतः करून पाहावं. दोन दशकांची तुलना करताना एकाचा दर या रीतीचा आणि दुसऱ्याचा त्या रीतीचा असं झालं, तर नसलेली घट दिसू लागते. मी पुस्तिकेत सगळीकडे मूळ वापरलं आहे.

वाढ ऋण असली तरी रीत तीच. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ ला १६ लाख ९६ हजार ७७७ माणसं होती, २०११ ला १६ लाख १५ हजार ६९ उरली. मुंबईकडे, ठाण्याकडे जाणाऱ्या वाटा जुन्याच आहेत, त्यामुळे आश्चर्य वाटायला नको. एकूण घट ४.८२ टक्के, पट ०.९५१८, तिचं दहावं मूळ ०.९९५१, म्हणजे वर्षाला ०.४९ टक्के घट. इथे दहाने भागलं तर ०.४८ येतं. वाढीत भागाकार दर फुगवून सांगतो, घटीत घट कमी करून सांगतो. लहान टक्केवारीत हा फरक नगण्य असतो, आणि रत्नागिरीपुरतं दहाने भागलं तरी कुणाचं काही बिघडणार नाही. एकूण बदल पाच टक्क्यांच्या आत असेल तर मीही तोंडी भागून मोकळा होतो.

सरासरी दर काय लपवतो याचं सगळ्यांत ठळक उदाहरण मी १९११ ते १९२१ या दशकाचं देईन. भारताची लोकसंख्या २५ कोटी २१ लाखांवरून २५ कोटी १३ लाखांवर आली. दशकाचा बदल उणे ०.३१ टक्के, वर्षाचा सरासरी दर उणे ०.०३. हा आकडा एकटा वाचला तर वाटेल की दहा वर्षं देश जागच्या जागी उभा होता. प्रत्यक्षात १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. मुंबईत जूनमध्ये तिची पहिली लाट दिसली, पावसाळ्यानंतरची लाट भयंकर होती आणि तिने देशभर माणसं अक्षरशः लाखांनी नेली. साथीच्या आधीची वाढ आणि साथीतली घट एकमेकांत जिरून शून्याजवळचा आकडा उरला. मूळ काढताना आपण गृहीत धरतो की प्रत्येक वर्ष सारखं गेलं. असं एकही वर्ष त्या दशकात नव्हतं. रीत चुकली असं नाही, तिला फक्त दोन टोकं दिली होती आणि तिने दोन टोकांपुरतं उत्तर दिलं.

टोकंही सारख्याच जागेची आहेत ना, हे आधी पाहावं लागतं. २०११ च्या ठाणे जिल्ह्यात १ कोटी १० लाखांहून अधिक माणसं होती. १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा झाला. पुढच्या गणनेतलं ठाणे घेऊन त्याला जुन्या ठाण्याने भागलं, तर देशातल्या सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक जिल्हा ओस पडत चालल्याचं दिसू शकेल. आधी जुन्या आकड्यातून पालघरचे तालुके काढायचे, मग पट घ्यायची.

ही पुस्तिका आत्ताच का लिहिली, याचं कारण पुढच्या गणनेत आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही. आता जाहीर झालेला क्षण १ मार्च २०२७ चा आहे (हिमालयातल्या बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६). म्हणजे २०११ पासूनचं अंतर सोळा वर्षांचं. ज्या दिवशी आकडे येतील, त्या रात्री ‘एकूण वाढ अमुक टक्के’ हे वाक्य सगळीकडे झळकेल आणि त्याच्या शेजारी, सवयीने, मागच्या वेळचे १७.६४ ठेवले जातील. केवळ हिशेबासाठी नवी वाढ २० टक्के धरू. आकडा माझ्या मनचा आहे. १७.६४ च्या शेजारी २० ठेवले की वेग वाढल्यासारखा दिसतो. दहाने भागलं की वर्षाला दोन टक्के होतात, म्हणजे आणखीच धास्ती. सोळावं मूळ काढलं तर वर्षाचा दर १.१५ येतो, मागच्या १.६४ पेक्षा बराच कमी.

सोळाचं एक सुख मात्र आहे. दहावं मूळ साध्या कॅल्क्युलेटरवर निघत नाही, सोळावं निघतं. वर्गमुळाचं बटण चार वेळा दाबायचं. १.२० वर एकदा दाबलं की १.०९५४, मग १.०४६६, मग १.०२३१ आणि चौथ्यांदा १.०११५. किराणा दुकानातल्या कॅल्क्युलेटरवरही हे जमतं.

पुस्तिकेतल्या प्रत्येक तक्त्यात मी ‘वर्षे’ हा रकाना काढून ‘महिने’ असा घातला आहे. १९६१ च्या ओळीत १२०, १९७१ च्या ओळीत १२१, १९८१ च्या ओळीत ११९, पुढच्या तिन्हींत पुन्हा १२०. शेवटची ओळ २०२७ ची. तिच्यात १९२ लिहून ठेवलं आहे, बाकीचे रकाने वाचकाने भरायचे आहेत.